एका पानाचा राजीनामा, चार ओळींत

(या भागाचा लिखित मजकूर. बोलण्यातली काही वाक्यं वाचायला सोपी जावीत म्हणून थोडी नीट केली आहेत.)

आजचा विषय आहे राजीनाम्याचं पत्र. नोकरी सोडावी की नाही, यावर मी बोलणार नाहीये, तो ज्याचा त्याचा निर्णय. पण एकदा ठरलं की एक कागद लिहावा लागतो, आणि तो कागद भल्याभल्यांचा बिघडतो. मन मोकळं करायची ही शेवटची संधी आहे असं वाटतं, आणि मग पान भरतं.

आधी शब्दच बघा. राजी अधिक नामा. नामा म्हणजे लेख, जसं करारनामा, जाहीरनामा. तर राजीनामा म्हणजे राजी असल्याचा लेख. मी ही जागा सोडायला राजी आहे, एवढंच सांगणारा कागद. तक्रारीसाठी तक्रार अर्ज असतो, पैशासाठी मागणीपत्र असतं. आपण मात्र तिन्ही कामं एकाच कागदावर करायला जातो. मी कोड लिहून पोट भरतो, आणि आमच्याकडे रिव्ह्यूमध्ये पहिला प्रश्न हाच असतो की हे फंक्शन एक काम करतंय की चार.

आज एक खरं पत्र घेऊ. माझी मावसबहीण, मी तिला ताई म्हणतो, सांगलीत एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात क्लार्क होती. ऑफिसचं नाव घेणार नाही. बिल्ट्या फाडणं, आवक-जावक रजिस्टर, किरकोळ रोकड आणि टॅलीत एंट्री, हे तिचं काम. २ जुलै २०१८ ला लागली आणि २०२४ च्या मे महिन्यात सोडायचं ठरवलं. तिने पत्र हाताने लिहिलं, फोटो काढून मला व्हॉट्सअपवर पाठवला आणि खाली लिहिलं, “जरा शुद्धलेखन बघ रे.” शुद्धलेखन उत्तम होतं. पत्र मात्र २६ ओळींचं होतं. तिच्या परवानगीने त्यातल्या काही ओळी वाचतो.

सुरुवात अशी होती: “गेली सहा वर्षे मी या कार्यालयात अत्यंत प्रामाणिकपणे व निष्ठेने काम केले, परंतु माझ्या कामाची कधीही दखल घेण्यात आली नाही.”

मग: “माझ्यानंतर आलेल्या व्यक्तीस माझ्यापेक्षा जास्त पगार देण्यात आला.”

मग: “मार्च महिन्यात रोकडमध्ये २,४०० रुपये कमी आले तेव्हा सर्वांसमोर मला बोलण्यात आले. माझ्याकडून एखादी नोंद राहिली असेलही, पण म्हणून असा अपमान करणे योग्य नाही.”

मग: “सासूबाईंच्या आजारपणामुळेही मला वेळ देता येत नाही.”

मग: “रात्री आठ-आठ वाजेपर्यंत थांबूनही ओव्हरटाइम मिळालेला नाही, तो मिळावा.”

आणि शेवटी: “माझ्या पगाराचा विचार होणार नसेल तर मला उद्यापासून कामावर येणे शक्य नाही, तरी हाच माझा राजीनामा समजावा.”

यातलं एकही वाक्य खोटं नाही. तिच्या जागी मी असतो तर मलाही राग आला असता. पण आता हे पत्र तिच्या बाजूने वाचू नका. सहा महिन्यांनी ऑफिसमधला कोणीतरी तिची फाईल उघडतोय आणि त्याने तिला कधी पाहिलेलंही नाही, असं समजून वाचा. त्याला तीन गोष्टी दिसतील.

पहिली गोष्ट शेवटच्या ओळीतली. विचार होणार नसेल तर राजीनामा समजा. म्हणजे हा राजीनामा आहे की पगारवाढीचा अर्ज? वाचणारा त्याच्या सोयीने काहीही समजू शकतो. अशा वाक्यावरून एक प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. अलाहाबादच्या एका हॉस्पिटलमधल्या डॉक्टर प्रभा अत्री यांना निलंबित केलं गेलं. त्यांनी उत्तरादाखल पत्र लिहिलं, आपली बाजू मांडली, आणि शेवटी अशा अर्थाचं लिहिलं की हे मान्य नसेल तर राजीनाम्याशिवाय माझ्यापुढे पर्याय नाही. हॉस्पिटलने तेवढं धरलं आणि राजीनामा मंजूर केला. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा राजीनामा होतच नाही, कारण पद सोडण्याचा स्पष्ट, विनाअट इरादा त्यात दिसत नाही. निकाल डॉक्टरांच्या बाजूने लागला, पण त्यासाठी दिल्लीपर्यंत जावं लागलं. आपल्या ताईला सांगलीतून कोण नेणार दिल्लीला?

दुसरी गोष्ट, “उद्यापासून”. तिच्या नेमणूकपत्रात ३० दिवसांची नोटीस लिहिलेली होती. नोटीस न देता सोडलं तर तेवढ्या दिवसांचा पगार कापू, हेही त्यात होतं. तिचा पगार १८,००० रुपये. म्हणजे रागाच्या त्या एका शब्दाची किंमत जवळपास १८,००० रुपये होती. मी विचारलं, “ताई, नेमणूकपत्र वाचलंयस का?” तर म्हणाली, “अरे, ते लागले तेव्हा वाचलं होतं, आता कुठेय कोण जाणे.” ते कपाटात साडीच्या बॉक्समध्ये निघालं. राजीनामा लिहायच्या आधी तो कागद शोधणं, ही पहिली पायरी. तुमचा बहुतेक ईमेलमध्ये असेल.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात धोक्याची वाटली. “माझ्याकडून एखादी नोंद राहिली असेलही.” हे तिने नम्रपणाने लिहिलंय. आपण बोलताना असं म्हणतोच. पण कागदावर, सहीनिशी, हे कबुलीसारखं वाचलं जातं. मार्चमध्ये त्या २,४०० रुपयांवर लेखी काहीच झालं नव्हतं, ना नोटीस, ना चौकशी. जो विषय फाईलमध्ये नव्हता, तो ती स्वतःच्या अक्षरात फाईलमध्ये घालायला निघाली होती.

आणि एक बारीकशी गोष्ट. पत्रात कारणं तीन आहेत. पगार, अपमान आणि सासूबाई. तिन्ही खरी असली तरी वाचणाऱ्याला वाटतं की यातलं एक तरी बहाणा आहे. खासगी नोकरीत कारणांची यादी देणं सहसा बंधनकारक नसतं. “वैयक्तिक कारणास्तव” हे दोन शब्द पुरतात.

मग आम्ही कापायला बसलो. बसलो म्हणजे फोनवर, ती स्वयंपाकघरात आणि मी पुण्यात. पद्धत साधी ठेवली. प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न: हे वाक्य काढलं तर राजीनामा अपुरा राहतो का? नाही राहत, तर काढायचं. पण फेकायचं नाही. त्याची खरी जागा कुठली ते ठरवायचं आणि तिकडे न्यायचं.

ओव्हरटाइमचं वाक्य गेलं वेगळ्या मागणीपत्रात. रोकडीचं वाक्य हिशेबाच्या यादीत गेलं, त्याबद्दल पुढे सांगतो. पगारातला फरक आणि अपमान, हे कुठे न्यायचं? ताई म्हणाली, “मग हे मी कोणालाच नाही सांगायचं?” मी म्हटलं, साहेबांना समोर बसून सांग ना. तोंडी सांगितलेलं त्यांना टोचेल तेवढंच टोचेल, आणि तुझ्या फाईलमध्ये काही राहणार नाही. तिने पुढे ते सांगितलंही, आणि माझ्या अंदाजापेक्षा चांगलं सांगितलं.

शेवटी जे उरलं ते असं. दिनांक ३ जून २०२४, प्रति मा. व्यवस्थापक, विषय: लिपिक पदाचा राजीनामा. आणि मग मजकूर:

“महोदय,

मी आपल्या कार्यालयात २ जुलै २०१८ पासून लिपिक पदावर काम करीत असून वैयक्तिक कारणास्तव या पदाचा राजीनामा देत आहे.

नेमणूकपत्रातील ३० दिवसांच्या नोटीसनुसार ३ जुलै २०२४ हा माझ्या कामाचा शेवटचा दिवस राहील.

तोपर्यंत माझ्याकडील काम आपण सांगाल त्या सहकाऱ्याकडे यादीनिशी सोपवीन. त्या दिवशी मला कार्यमुक्त करावे, ही विनंती.

टॅलीचे व हिशेबाचे काम मला येथेच शिकायला मिळाले, त्याबद्दल आपली व सहकाऱ्यांची आभारी आहे.

कळावे, आपली विश्वासू.”

आणि खाली सही. झालं.

आता प्रत्येक ओळ काय करते ते बघू. पहिल्या ओळीत निर्णय आहे. “देत आहे” असं आहे, “देण्याचा विचार आहे” किंवा “द्यावा असे वाटते” असं नाही. नोकरीला लागल्याची तारीखही त्यातच आहे, कारण पुढे ग्रॅच्युइटी, अनुभवाचा दाखला, पीएफ, सगळं त्या तारखेपासून मोजलं जातं.

दुसऱ्या ओळीत शेवटचा दिवस आहे, आणि तो तारखेने लिहिलाय. “एक महिन्यानंतर” असं लिहिलं की वाद सुरू होतो: महिना कधीपासून, पत्र दिल्यापासून की मंजूर झाल्यापासून? ३ जूनला पत्र दिलं, ४ जूनपासून मोजलं तर तिसावा दिवस ३ जुलै येतो. पुढची तारीख घातल्याने आणखी एक फरक पडू शकतो. १९७७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सतीश चंद्र यांनी मे महिन्यात पत्र लिहून १ ऑगस्टपासून राजीनामा दिला आणि जुलैमध्ये तो मागे घेतला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि १ ऑगस्ट उजाडण्याआधी तो मागे घेता येतो असा निकाल लागला. ते न्यायाधीशाचं पद होतं, तुमच्या कंपनीचे नियम वेगळे असू शकतात. पण कागदावरच्या तारखेला किती वजन असतं, ते यातून कळतं.

तिसऱ्या ओळीत एक देणं आहे आणि एक मागणं. काम सोपवीन, मला कार्यमुक्त करा. “कार्यमुक्त” हा शब्द मुद्दाम ठेवला. पुढच्या नोकरीत रिलिव्हिंग लेटर मागतात ना, त्याचं मराठी हेच.

चौथ्या ओळीवर सगळ्यात जास्त वेळ गेला. ताई म्हणाली, “आभार कसले मानू? सहा वर्षं राबवून घेतलं त्यांनी.” मी म्हटलं, खोटे आभार नकोच लिहू. “आपल्या मोलाच्या मार्गदर्शनाबद्दल शतशः ऋणी” वगैरे तर अजिबात नको. पण इथे शिकलीस असं एक तरी काही असेल? ती जरा थांबली आणि म्हणाली, “टॅली इथेच शिकले. आधी मला कॉम्प्युटर चालू करता येत नव्हता.” तीच ओळ लिहिली. आभार नेमक्या गोष्टीचे असले की ते लाचारही वाटत नाहीत आणि टोमणाही वाटत नाहीत.

आता कापलेल्या वाक्यांचं काय झालं. त्यांचे दोन कागद झाले.

एक म्हणजे काम सोपवल्याची यादी. त्यात बिल्टी पुस्तकं कितव्या नंबरपर्यंत वापरली, आवक-जावक रजिस्टर कुठपर्यंत लिहिलं, टॅलीत कोणत्या तारखेपर्यंत एंट्री झाली, कपाटाच्या किल्ल्या किती, आणि शेवटच्या दिवशी रोकड मोजून किती निघाली. खाली देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही. ते २,४०० रुपयांचं दुखणं इथे मिटतं. तू स्वतःहून मार्चबद्दल काही लिहायचं नाही. ३ जुलैला रोकड मोजून दिली, रजिस्टरशी जुळली आणि समोरच्याने सही केली, एवढं पुरेसं आहे.

दुसरा कागद मागणीपत्राचा. त्यात रागाचं एकही वाक्य नाही, फक्त आकडे. ओव्हरटाइमच्या तारखा आणि प्रत्येक दिवसाचे तास. हे तिच्याकडे होते, कारण उशीर झाला की ती घरी मेसेज टाकायची, आणि ते सगळे मेसेज फोनमध्ये होते. “रात्री आठ-आठ वाजेपर्यंत” म्हटलं की कोणी दाद देत नाही, ११ दिवसांचे २६ तास म्हटलं की उत्तर द्यावं लागतं. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात २०२४ मध्ये दिवसाला ९ किंवा आठवड्याला ४८ तासांच्या वर काम झालं तर दुप्पट दराने पैसे होते. हा कायदा तेव्हा १० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या ठिकाणी लागू होता, आणि तिच्या ऑफिसात १४ जण होते.

ग्रॅच्युइटी पण त्याच पत्रात. पाच वर्षं सलग नोकरी झाली असेल तर राजीनामा दिला तरी ती मिळते, हे अनेकांना माहीत नसतं. २०२४ मध्ये हिशेब असा होता: शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. तिचे मूळ पगार आणि भत्ता मिळून १५,६०० होते. १५,६०० ला १५ ने गुणून २६ ने भागलं की येतात ९,०००. गुणिले सहा वर्षं, म्हणजे ५४,०००. मूळ २६ ओळींच्या पत्रात या ५४,००० चा उल्लेखच नव्हता. अपमानावर सहा ओळी होत्या.

आता पत्र देण्याबद्दल. दोन प्रती काढायच्या. एक त्यांना द्यायची, आणि दुसरीवर “मिळाले” असं लिहून सही, तारीख आणि शिक्का घ्यायचा. याला पोच म्हणतात. पोच नसेल तर ३० दिवस कधी सुरू झाले हेच सिद्ध करता येत नाही. सही द्यायला टाळाटाळ झाली तर त्याच दिवशी ईमेल करायचा आणि स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपायची. ताईला गंमत वाटत होती, कारण सहा वर्षं आवक-जावक रजिस्टर तीच लिहीत होती. आपल्याच राजीनाम्याची आवक नोंद तिने स्वतः केली, नंबर टाकला आणि साहेबांसमोर ठेवला.

साहेबांनी वाचलं आणि विचारलं, “एवढंच?” मग बसा म्हणाले. तेव्हा तिने पगाराचं आणि त्या मार्चच्या दिवसाचं, दोन्ही तोंडी सांगितलं. ती सांगते की ते गप्प बसून ऐकत होते. पत्रात सगळं लिहिलं असतं तर त्यांना गप्प बसावं लागलं नसतं, खुलासा मागवता आला असता.

पुढचं सगळं काही गोड झालं नाही. कार्यमुक्तीचं पत्र आणि दाखला वेळेत मिळाला. ग्रॅच्युइटी देय झाल्यापासून ३० दिवसांत द्यायची असते, ती चार दिवस उशिरा का होईना आली. ओव्हरटाइमवर मात्र घासाघीस झाली, आणि मागितल्यापेक्षा कमीच मिळाले.

थांबायच्या आधी एक महत्त्वाची गोष्ट. चार ओळींचं पत्र प्रत्येक वेळी चालत नाही. तुमच्याकडून राजीनामा जबरदस्तीने लिहून घेत असतील, तर “वैयक्तिक कारणास्तव” लिहून सही करू नका. ते दोन शब्द नंतर तुमच्याच विरोधात जातील. आधी वकिलाशी बोला. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ झाला असेल, तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार करायला घटनेपासून तीन महिन्यांची मुदत असते. समिती ती आणखी तीन महिने वाढवू शकते, पण त्या भरवशावर राहू नका. ती तक्रार पूर्ण लिहा, तारखांसकट, पान भरलं तर भरू द्या. फक्त तो कागद वेगळा असू द्या. आणि सरकारी नोकरीत असाल तर तिथे राजीनामा मंजूर होण्याचे स्वतःचे नियम आहेत, ते आधी बघा.

तुमच्यापैकी कोणी सध्या नोटीसवर असेल, तर आज रात्री एवढंच करा: नेमणूकपत्र शोधा, नोटीसचे दिवस बघा आणि कॅलेंडरवर शेवटची तारीख मोजा. मग लिहायला बसा. पुढच्या भागात पीएफचं बोलू, नोकरी सोडल्याची तारीख तिथे चुकीची पडली तर काय होतं ते. भेटू.